गरज नाही, तरीही चार पानं

आपल्या शहरात सहाचा कार्यक्रम सातला सुरू होतो, हे सगळ्यांना मान्य आहे. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंखा बंद करायला कुणीतरी धावतं, हेही मान्य. मग सूत्रसंचालक माईकवर दोनदा टकटक करतात, घसा साफ करतात आणि म्हणतात, ‘आजच्या प्रमुख पाहुण्यांना परिचयाची गरज नाही. त्यांची ओळख करून देणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं.’ इतकं बोलून ते खिशातून स्टेपल केलेली चार पानं काढतात.

पाहुणे बिचारे नाव ऐकताच अर्धे उठतात. अजून शिक्षणच चाललंय हे लक्षात आल्यावर शालीची घडी पाहिल्यासारखं करत परत बसतात. दुसऱ्या पानावर नाव पुन्हा येतं, तेव्हा ते पुन्हा उठतात. तिसऱ्या पानापर्यंत त्यांना कळतं, की हे नाव वाक्याचा कर्ता आहे, आमंत्रण नव्हे. तापडिया नाट्यमंदिर असो, एकनाथ रंगमंदिर असो की कॉलेजचं सभागृह, ही उठबस सगळीकडे तशीच.

‘गरज नाही’ म्हणण्यात आदर आहे, असं आपण धरून चालतो. माझं मत वेगळं आहे. या वाक्याचा सरळ अर्थ ‘मी पाहुण्यांचं काही वाचलेलं नाही’ असा होतो. आणि पुढची चार पानं त्याचा पुरावा असतात, कारण ती पाहुण्यांनीच पाठवलेल्या बायोडाटावरून, जन्मतारखेपासून, जशीच्या तशी उतरवलेली असतात.

मुळात परिचय पाहुण्यांसाठी नसतो. त्यांना स्वतःचं नाव माहीत असतं. तो समोर बसलेल्यांसाठी असतो, आणि समोरच्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: या माणसाला, या विषयावर, आज इथे का ऐकायचं? जन्मगाव, पदव्या, परदेश दौरे यांतलं जे या उत्तरात बसत नाही ते निमंत्रणपत्रिकेवर छापावं. तिथे ते शोभतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, ना. धों. महानोर हयात असताना आपल्या एखाद्या कॉलेजनं त्यांना पाण्यावर बोलायला बोलावलं आहे. समोर विशीच्या आतली मुलं. सूत्रसंचालक म्हणणार, ‘रानकवी, पद्मश्री, जैत रे जैतची गाणी... परिचयाची गरज नाही.’ पण गरज आहे! ‘जैत रे जैत’ 1977चा. या मुलांच्या आयांनीही तो टीव्हीवरच पाहिला असेल. शिवाय गाण्यांचा आणि आजच्या विषयाचा संबंध काय, हे कुणीच सांगितलेलं नाही. मुलं टाळ्या वाजवतील, कारण पुढच्या रांगेतले सर वाजवतायत.

आता हेच असं म्हणून पाहा: ‘अजिंठ्याच्या लेण्यांपासून जवळच पळसखेड नावाचं गाव आहे. तिथला एक तरुण जळगावच्या कॉलेजात गेला आणि पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून शेती करायला परत आला. ते शेत त्यांच्या कवितेत आलं, कविता सिनेमात गेली, आणि ते स्वतः विधान परिषदेत गेले. तिथेही ते शेतीवर आणि पाण्यावर बोलले. त्यांची गाणी तुमच्या आजीला पाठ असतील. आज मात्र ते पाण्याबद्दल सांगणार आहेत. ना. धों. महानोर.’

मोजून पाहा, अर्धं मिनिट. यात एकही विशेषण नाही. ‘थोर’, ‘ज्येष्ठ’, ‘साहित्यक्षेत्रातला मानबिंदू’ यांतलं काही नाही, तरी मान कुठे कमी झाला? उलट कॉलेज सोडलेल्या माणसाला कॉलेजनं बोलावलंय, एवढ्यानं मागच्या बाकावरची मुलं मोबाइल खाली ठेवतील. आणि नाव सगळ्यांत शेवटी आलं. नाव उच्चारलं की टाळ्या सुरू होतात, पाहुणे उठतात, मग त्यानंतरचं कुणालाच ऐकू येत नाही. त्यामुळे नावानंतर बोलायला काही उरलेलंच नसावं, हे उत्तम.

हाच पाहुणा काव्यवाचनाला आला, तर हा परिचय चालणार नाही. तिथे विधान परिषद कशाला? तिथे 1967च्या ‘रानातल्या कविता’पासून सुरुवात करावी, आणि कॉलेज सोडल्याची गोष्ट गाळावी. ती कदाचित ते स्वतःच सांगतील. पाहुण्यांचा हुकमी किस्सा आपण आधीच सांगून टाकणं, हा सभागृहातला सर्वांत मोठा अपमान. तो प्रेमानं केला जातो, म्हणून कुणी बोलत नाही.

अस्मितादर्शच्या गंगाधर पानतावणे यांच्यासारखे पाहुणे असते, तर मी त्यांच्याबद्दल बोललोच नसतो. प्रेक्षकांना विचारलं असतं, ‘तुमच्यापैकी कुणाचं लिखाण अस्मितादर्शमध्ये छापून आलंय? हात वर करा.’ या शहरात निदान चार हात वर आले असते. तेवढा परिचय पुरे, नंतर फक्त नाव.

आता खबरदारी. आदल्या दिवशी पाहुण्यांना फोन करावा आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: नाव कसं उच्चारायचं, सध्या पद कोणतं, आणि काय सांगायचं नाही. तिसऱ्या प्रश्नावर पलीकडून दोन सेकंद शांतता येते आणि मग ‘ते माजी वगैरे म्हणू नका हो’ असं उत्तर येतं. ‘या वयातही’ हे शब्द तर तोंडातून काढूच नयेत. पाहुणे बावन्न वर्षांचे असतात आणि नुकतेच ट्रेक करून आलेले असतात.

परिचय चांगला झाला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पाहुण्यांचं नाव काढून तिथे दुसऱ्या एखाद्या मान्यवराचं नाव घाला. परिचय तसाच खपत असेल, तर तो कुणाचाच नव्हता. आपल्याकडचे बहुतेक परिचय पाहुणे बदलूनही खपतात, म्हणजे या परीक्षेत नापास होतात. मागच्या वर्षीचेच कागद यंदा वाचले, हे कुणाच्या लक्षात येत नाही ते याच कारणानं.

राजकीय पाहुण्यांचं प्रकरण वेगळं. तिथे एक पद गाळलं तर खालून कार्यकर्त्यांचा आवाज येतो, आणि सूत्रसंचालकाला पुढच्या कार्यक्रमाचं निमंत्रण येत नाही. माझा सल्ला असा, की ही सगळी पदं क्रांती चौकातल्या फ्लेक्सवर आधीच मोठ्या अक्षरांत झळकलेली असतात. ‘साहेबांची पदं आपण येताना वाचलीच आहेत,’ एवढं म्हणावं आणि या वॉर्डातलं त्यांनी केलेलं एक काम सांगावं. काम सापडलं नाही, तर मात्र पदं वाचावीत. त्याला इलाज नाही.

राहता राहिले ते पाहुणे, जे फोनवर स्वतःच म्हणतात, ‘माझी ओळखबिळख काही करून देऊ नका, मला ते आवडत नाही.’ हे ऐकून गाफील राहू नये. त्याच फोनवर त्यांनी एका पुरस्काराचा उल्लेख सहज म्हणून तीनदा केलेला असतो. तो पुरस्कार लिहून घ्यावा, वर्षासकट.