लग्नाची रजा दिली, बायकोचा विमा राहिला

लग्नाची तारीख कंपनीला कधीच कळलेली असते. रजेचा अर्ज तिच्याच टेबलावरून मंजूर होतो. पण बायकोचं नाव सामूहिक आरोग्य विम्यात घालायची मुदत त्याच वेळी अर्जदाराला सांगावी, असं एचआरच्या टेबलावर कुणाला वाटत नाही. ही मुदत बऱ्याच पॉलिसींत लग्नापासून फक्त ३० दिवसांची असते. ती हुकली की पॉलिसीच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

दुसरीकडे, महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणी कायदा नोंदणीसाठी ९० दिवस देतो. म्हणजे सरकारच्या हिशेबानं वेळेत असलेला माणूस विम्याच्या हिशेबानं दोन महिने उशिरा पोचू शकतो.

समजा, कोरपना तालुक्यातल्या सिमेंट कारखान्यातल्या एका ऑपरेटरचं लग्न ४ मे रोजी एटापल्लीकडच्या एका गावात झालं. मे म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. गाव पहाटेच जंगलात जातं. नोंदणीच्या अर्जावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात, ते तिघंही पानं तोडायला गेलेले. ग्रामसेवकाकडे एकाहून जास्त गावांचा कारभार. दाखला हातात पडतो २० जूनला. विम्याची मुदत मात्र ३ जूनलाच संपलेली. पॉलिसीचं नूतनीकरण १ एप्रिलला होत असेल, तर ती मुलगी जवळजवळ दहा महिने विम्याबाहेर. आणि लग्नानंतर लगेच दिवस गेले, तर बाळंतपण फेब्रुवारीत, नूतनीकरणाच्या आधी. सिझेरियनचं बिल सगळं घरच्यांच्या डोक्यावर.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. वैयक्तिक पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. अनेक सामूहिक पॉलिसींत ही अट माफ असते. त्यामुळे सिकलसेल असलेल्या सुनेसाठी नवऱ्याच्या कारखान्याचा विमा हाच खरा आधार असतो, आणि तो तारखेच्या घोळात जातो.

म्हणून दाखल्याची वाट पाहू नये. लग्नाच्या आठवड्यातच एचआरला ईमेल करावा, म्हणजे कळवल्याची तारीख लेखी राहते. साधा मजकूर पुरतो:

‘माझा विवाह ४ मे रोजी झाला आहे. पत्नीचं नाव सामूहिक आरोग्य विम्यात घालावं, ही विनंती. तिचं आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि माझा कर्मचारी क्रमांक सोबत देत आहे. लग्नपत्रिका आणि आम्हा दोघांचा फोटो जोडला आहे. विवाह नोंदणीचा दाखला मिळताच पाठवतो. तोवर ही कागदपत्रं चालतील का? मुदत किती दिवसांची आहे? संरक्षण लग्नाच्या तारखेपासून धरलं जाईल की आज कळवलं त्या तारखेपासून? हप्ता कंपनी भरेल की पगारातून कापला जाईल? बाळंतपण आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात का? कृपया लेखी कळवावं.’

नाव आधारवर जसं आहे तसंच द्यायचं. लग्नपत्रिकेवर सासरचं आडनाव आणि आधारवर माहेरचं, हा फरक रुग्णालयात कार्ड दाखवताना अडतो. आधार बदलेपर्यंत माहेरचंच नाव चालू द्यावं.

दाखल्याशिवाय नाव घेताच येत नाही, असं एचआर म्हणालं, तर पॉलिसीतलं ते कलम लेखी मागावं. कधी कधी ते कलम नसतं, नुसती टेबलावरची सवय असते. कलम खरंच असेल, तर मुदत वाढवून मागण्याचा अर्ज विमा कंपनीकडे एचआरनंच पाठवायला हवा, कारण पॉलिसी कंपनीच्या नावावर असते.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना, यात ठेकेदाराकडचे कामगारही आले, कारखान्याला लागू असेल तिथे ईएसआय असतं. तिथे पत्नी कुटुंबातच मोडते. तिचं नाव आणि आधार ईएसआयच्या नोंदीत चढवून घ्यावं लागतं.

एचआरचं ‘झालं’ हे उत्तर पुरेसं नाही. विमा कंपनी पॉलिसीत बदल केल्याचं पृष्ठांकन काढते. त्यावर नाव आणि संरक्षण सुरू झाल्याची तारीख असते. कंपनीची विमा कंपनीकडची आगाऊ रक्कम संपलेली असेल, तर अर्ज पोचूनही हे पृष्ठांकन अडून राहतं आणि कामगाराला पत्ता लागत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांत पत्नीच्या नावाचं ई-कार्ड मागावं, त्यावरचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासावी, आणि चंद्रपूर, गडचिरोली, नागपूरमधल्या कॅशलेस रुग्णालयांची यादी त्याच ईमेलमध्ये मागून घ्यावी.