अनुभवी नवशिक्या पाहिजे

जेटपॅक कंपोज हे अँड्रॉइडवर पडदे रचण्याचे साधन जुलै 2021 मध्ये स्थिर झाले असले, तरी 2023 साली कनिष्ठ मोबाइल डेव्हलपरकडे त्यातला पाच वर्षांचा अनुभव मागितल्याने कोणी दचकू नये. याउलट, मारेगावात रेंज गेल्यावर कापसाच्या वजनाची नोंद फोनमध्ये राहावी आणि रेंज येताच सर्व्हरवर जावी, असे काम एखाद्या लहान स्टार्टअपने स्पष्ट लिहिले, तर उमेदवारालाच संशय येतो. सर्व्हरची पोच वाटेत हरवली की अ‍ॅप तीच नोंद पुन्हा पाठवते आणि कागदावर एका गाडीच्या दोन होतात. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच स्वतंत्र ओळखक्रमांक द्यावा लागतो. हे शिकवण्यासाठी कोड रिव्ह्यू, म्हणजे कोड स्वीकारण्यापूर्वी ज्येष्ठाने तो वाचणे, याला रोज तासभर राखल्याचेही जाहिरातीत असेल, तर पगाराचा आकडा छापण्याचा अविचारही तिथे झालेला असू शकतो.