हेल्मेटवाल्याची भेटीची वेळ

घटना एकूण तीन सेकंदांची. मंगळवारी संध्याकाळी डोंबिवलीत स्टेशनजवळच्या एका एटीएममध्ये मी पैसे काढत होतो. म्हणजे काढायचा प्रयत्न करत होतो. कार्ड आधी उलटं गेलं, मग सुलटं गेलं तर मशीनने ओळख दाखवली नाही, आणि ओळख पटली तेव्हा माझा पिन चुकला. एवढ्यात मागून आवाज आला, "आजोबा, जमत नसेल तर नातवाला आणायचं ना बरोबर!"

मी वळून पाहिलं. एक हेल्मेट होतं, काच खाली ओढलेली. त्या काचेत मला फक्त मीच दिसलो. आणि मी त्या हेल्मेटला म्हणालो, "सॉरी."

माझं वय 51 आहे. मुलगा दहावीत आहे. त्याचं शिक्षण, नोकरी, लग्न असा हिशेब धरला तर नातू यायला किमान पंधरा वर्षं लागतील. तेव्हा खरं उत्तर असं होतं, "आणतो की, पण अजून पंधरा वर्षं आहेत. थांबतोस रांगेत?" किती सुबक उत्तर! हे मला सुचलं रात्री पावणेतीन वाजता, पंख्याकडे बघत असताना.

आपल्याकडे याला वरातीमागून घोडं म्हणतात. फ्रेंच लोकांनी त्यासाठी जिना वापरला. अठराव्या शतकातला त्यांचा लेखक दिदरो एकदा नेकर नावाच्या बड्या असामीकडे जेवायला गेला होता. तिथे कुणीतरी त्याला असं काही सुनावलं की त्याची बोलतीच बंद झाली. पुढे त्याने लिहून ठेवलं, की आपल्यासारख्या हळव्या माणसाचं डोकं अशा वेळी गोंधळतं आणि ताळ्यावर येतं ते जिना उतरून खाली पोचल्यावर. तेव्हापासून उशिरा सुचलेल्या उत्तराला फ्रेंचमध्ये 'जिन्यावरची अक्कल' म्हणतात. आमच्या एटीएमला जिना नव्हता, दोनच पायऱ्या होत्या. त्या उतरून, रिक्षा करून, जेवून, झोपून मग माझी अक्कल आली.

दुसऱ्या दिवशी आठ अकराच्या लोकलमध्ये मी हा प्रकार ग्रुपला सांगितला. ग्रुप पेटला. एकाने मला अशी उत्तरं पुरवली की ती छापायची सोय नाही. पण सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "मग तू काय म्हणालास?" मुलुंड येईपर्यंत मी सांगत होतो, की मी त्याच्याकडे फक्त रोखून पाहिलं. घरी बायकोनेही तेच विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?" तिच्यापुढे रोखून पाहिल्याचं चाललं नसतं, म्हणून खरं सांगितलं. ती म्हणाली, "सोडून द्या हो. विसरा."

औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही, असं बजावणाऱ्या वैद्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ज्याला जन्मात माकड आठवलं नव्हतं, त्याच्या वाटीत मग रोज माकड बसतं. 1987 साली अमेरिकेत डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलावर केला. अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आलाच तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिल्या. पुढे विचार करायला मोकळीक दिल्यावर तर या लोकांच्या डोक्यात अस्वल आणखी जोरात आलं. माझं अस्वल हेल्मेट घालून येत होतं, एवढाच फरक.

शुक्रवारपर्यंत आणखी एक गंमत झाली. मी ही गोष्ट सहा-सात जणांना सांगितली होती आणि प्रत्येक वेळी ती थोडी वाढत होती. रांगेत खरं तर चार माणसं होती, ती अकरा झाली. ती सगळी हसली. प्रत्यक्षात कुणी हसलं होतं का, हे मला आठवत नव्हतं. एक बाई फोनवर बोलत होती, एवढंच आठवत होतं. त्या मुलाचा आवाजही दर वेळी जास्त उर्मट होत गेला. म्हणजे मूळ वाक्य त्याचं, बाकी अख्खं नाटक माझं. त्याला नवे संवाद मी लिहून देत होतो आणि पडायचोही मीच.

शनिवारी बायको म्हणाली, "एवढा राग आहे ना, तर गाद्या बडवा. उन्हात टाकायच्याच आहेत." मी गच्चीत गाद्या नेल्या आणि त्या हेल्मेटचा चेहरा डोळ्यांसमोर आणून काठीने बडवल्या. (हेल्मेटचा चेहरा म्हणजे काय, हे मला विचारू नका.) पाऊण तासाने गाद्या स्वच्छ झाल्या आणि मी खाली आलो तो अधिकच तापून. दार उघडायला उशीर झाला म्हणून मुलावर ओरडलो.

यातही नवं काही नव्हतं. ब्रॅड बुशमन या संशोधकाने 2002 साली सहाशे विद्यार्थ्यांवर याचा पडताळा घेतला होता. विद्यार्थ्यांनी एक निबंध लिहिला आणि त्यावर त्यांना मुद्दाम अपमानकारक शेरे मिळाले. मग काहींना बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला दिले, शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून. काहींनी व्यायाम म्हणून ठोसे मारले. उरलेल्यांनी काहीच केलं नाही, दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त चिडलेले निघाले ते शत्रूला डोळ्यांसमोर आणून ठोसे मारणारे. नंतर सूड उगवायची संधी दिली तेव्हा सगळ्यात कमी चेकाळले ते नुसते बसलेले. वाफ बाहेर काढली की राग जातो, हे प्रेशर कुकरच्या बाबतीत खरं आहे. माणूस त्या वेळी शिट्टीही वाजवतो आणि खाली गॅसही मोठा करतो.

माझ्या उपयोगी पडलेली पहिली युक्ती मला सरकारी कचेरीसारखी वाटली, म्हणून ती लगेच समजली. 1983 च्या सुमारास टॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजी करणाऱ्या लोकांसाठी ती मांडली होती. विचार थांबवायचा नाही, त्याला वेळ द्यायची. रोज एकच वेळ, एकच जागा, अर्धा तास. एरवी तो आला की त्याला सांगायचं, तुमची वेळ अमुक आहे, तेव्हा या.

मी गॅलरीतली वॉशिंग मशीनशेजारची प्लॅस्टिकची खुर्ची मुक्रर केली. वेळ साडेसहा ते सात. जागा निवडताना पलंग आणि सोफा टाळायचा, नाहीतर झोपायला किंवा टीव्ही बघायला बसलं की तोच विचार हक्काने शेजारी येऊन बसतो. वेळही झोपेच्या तोंडावरची नको. खिशात एक छोटी वही ठेवली. सोमवारी सकाळी दाढी करताना हेल्मेटवाला आला. मी वहीत लिहिलं, 'हेल्मेट, सा. 6.30' आणि दाढी पुरी केली. लोकलमध्ये आला, लिहिलं. दुपारी डबा खाताना आला, लिहिलं. दिवसभरात चौदा नोंदी झाल्या. टोलवाटोलवी करणाऱ्या कारकुनाला इतका आनंद का होत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

साडेसहाला मी खुर्चीत बसलो आणि त्याला आत बोलावलं. इथे लोक एक चूक करतात, मीही केली. पहिल्या दिवशी अर्धा तास मी तोच सीन पुन्हा चालवला आणि उठलो तेव्हा पुन्हा चिडलेलो. ही वेळ सिनेमा बघायची नाही, फायलीवर शेरा मारायची आहे. म्हणून दुसऱ्या दिवसापासून दोनच प्रश्न ठेवले. यावर मला आता काही करता येण्यासारखं आहे का? नाही, त्याचा तर चेहराही माहीत नाही. मग या वाक्यातलं नेमकं काय लागलं? या दुसऱ्या प्रश्नापाशी मी बराच वेळ अडलो. शब्दाशब्दाने तपासलं. 'जमत नसेल' लागलं नव्हतं. मला खरंच जमत नव्हतं. 'नातू' लागला नव्हता. लागलं होतं 'आजोबा', कारण महिनाभरापूर्वी लोकलमध्ये एका कॉलेजच्या मुलीने मला उठून जागा दिली होती आणि मी बसलोही होतो. ती गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. शिवाय लागलं होतं माझं स्वतःचंच 'सॉरी'. दर वेळी रीळ फिरवून मी त्याच्या वाक्याशी थांबतच नव्हतो, त्यापुढच्या माझ्या एका शब्दाशी थांबत होतो आणि तो खोडून तिथे पंधरा वर्षांचं उत्तर बसवत होतो.

बुधवारी नोंदी नऊ झाल्या, गुरुवारी पाच.

दुसरी युक्ती जपानची. नागोया विद्यापीठात नोबुयुकी कावाई आणि त्यांच्या सहकाऱ्याने केलेला हा प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही विद्यार्थ्यांच्या लेखनावर खोचक शेरा देऊन त्यांना चिडवलं गेलं. मग त्यांनी आपल्याला काय वाटलं ते कागदावर लिहिलं. काहींनी तो कागद कचऱ्यात टाकला किंवा यंत्रात घालून त्याच्या चिंध्या केल्या, बाकीच्यांनी जपून ठेवला. टाकणाऱ्यांचा राग जवळपास पहिल्या पातळीवर आला, ठेवणाऱ्यांचा तितका उतरला नाही. अर्थात हा राग प्रयोगशाळेतला, काही मिनिटांचा, ताजा. माझा दहा दिवसांचा शिळा होता. पण कागद फुकट होता.

मी हाताला लागलेल्या कागदामागे लिहिलं. आधी त्याचं वाक्य, जसंच्या तसं, एकही शब्द न वाढवता. लिहिल्यावर ते इतकं लहान दिसलं की मीच चकित झालो. जेमतेम एक ओळ. त्याखाली मला काय वाटलं ते पाऊण पान. मग बोळा करून डब्यात टाकला आणि हलका होऊन चहा ठेवायला गेलो. दहा मिनिटांनी बायको तो बोळा सरळ करत आली. "विजेच्या बिलावर लिहिलंत? अजून भरायचंय ते!" आणि तिने ते बिल, मजकुराची बाजू वर करून, फ्रिजवर लिंबाच्या चुंबकाखाली लावलं. म्हणजे मी थेट जपून ठेवणाऱ्यांच्या गटात. पाणी प्यायला गेलं की हेल्मेट. दुसऱ्या दिवशी मुलाने फोनवरून बिल भरलं, मग मी त्या कागदाचे बारीक तुकडे केले. ते ओल्या कचऱ्यात की सुक्या, यावर घरात थोडी चर्चा झाली. त्या चर्चेत हेल्मेटवाला कुणाच्याच लक्षात नव्हता.

शनिवारी वहीत एकच नोंद होती, रविवारी एकही नाही. तरी साडेसहाला मी सवयीने खुर्चीत जाऊन बसलो. कपडे पिळले जात होते, मशीन थरथरत होतं. हेल्मेटवाला काही आला नाही. सहा चाळीस झाले. आणि मग 1998 मधल्या एका लग्नातले, मांडवात जिलब्या वाढणारे एक गृहस्थ आले. आम्ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हतो. ताट हातात धरून ते मला म्हणाले होते, "तुमचं झालं की हो आत्ताच!"

वही काढली. त्यांना मंगळवारची वेळ दिली आहे.