आभाराचा मेल आणि फुगलेला डबा

पॅनेल इंटरव्ह्यूमध्ये समोर तीन माणसं बसलेली असली, तरी कामाची वाटणी ठरलेली असते. एक जण प्रश्न विचारतो, दुसरा त्या प्रश्नाचा खरा अर्थ काय ते उमेदवाराला समजावतो आणि तिसरा घड्याळ पाहतो. नोकरीच्या उत्तरार्धात मी या तिन्ही खुर्च्यांवर बसलो आहे. उमेदवार दाराबाहेर गेला की गुणांचा कागद भरायचा, चहाचा उरलेला घोट संपवायचा आणि पुढच्याला आत बोलवायचं. दिवस मावळेपर्यंत सहा-सात जणांचे चेहरे, पदव्या आणि 'माझी सर्वांत मोठी कमजोरी म्हणजे मी फार मेहनत करतो' ही उत्तरं एकमेकांत अशी कालवली जायची की कोण कुठलं हे सांगायला कागदच लागायचा.

आणि मग, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, आभाराचे मेल यायचे.

बहुतेकांचा मजकूर लग्नपत्रिकेसारखा असे: नावं बदलली की कुठल्याही घरी चालावा. आपण अमूल्य वेळ दिलात, आपल्या नामांकित संस्थेविषयी जाणून घेऊन आनंद झाला, संधी मिळाल्यास सर्वस्व पणाला लावीन. आमची संस्था नामांकित आहे हे आम्हाला त्या मेलमधूनच कळायचं. पण कधीतरी एखाद्या मेलमध्ये एकच वाक्य असं निघायचं, की खुर्चीतला माणूस सरळ होऊन बसायचा. 'कन्व्हेअरजवळच्या ओल्या फरशीबद्दल आपण जे म्हणालात...' अरेच्चा, हा तो निळ्या शर्टातला! म्हणजे मी बोलत असताना हा ऐकत होता तर. इंटरव्ह्यू घेणाऱ्याचं कुणी ऐकतं, हा अनुभव त्याच्या आयुष्यात तसा दुर्मीळच.

माझी भाची फूड टेक्नॉलॉजी शिकलेली. यंदा हापूसचा हंगाम सुरू होण्याआधी रत्नागिरीकडच्या एका आमरस कारखान्यात क्वालिटीच्या जागेसाठी तिला बोलावणं आलं. पॅनेलवर प्लांट हेड, क्वालिटी हेड आणि एचआरच्या बाई. परतीच्या एसटीतूनच तिचा फोन आला.

"मामा, थँक यू मेल टाकायचा असतो ना? नेटवर नमुना मिळालाय, पाठवते."

नमुना आला. त्यात आमरस सोडून सगळं होतं. मी तिला म्हटलं, "यातलं कंपनीचं नाव काढून तिथे विमा कंपनीचं घाल आणि वाच." तिने वाचलं. मेल आणखी छान वाटू लागला. चांगल्या आभाराच्या मेलची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही: नाव बदललं की तो कोसळला पाहिजे.

"पण मग लिहू काय?"

"आधी सांग, आत काय बोलणं झालं?"

सुदैवाने तिने एक शहाणपणा केला होता. स्टँडवर गाडीची वाट पाहताना वहीत तीन नावं लिहून प्रत्येकासमोर तो माणूस काय म्हणाला ते टिपलं होतं. हे काम तासाभरात करावं लागतं. घरी पोचेपर्यंत आपल्याला फक्त आपली उत्तरं आठवतात, त्यातही न दिलेली जास्त. वहीत प्लांट हेडांसमोर लिहिलं होतं, 'मे महिन्यात सुट्टी मागू नका.' एचआरच्या बाईंसमोर, 'राहण्याची सोय आहे, जेवणाची नाही.' आणि क्वालिटी हेडांसमोर पाऊण पान.

त्यांनी विचारलं होतं: दुबईच्या ग्राहकाने फुगलेल्या डब्याचा फोटो पाठवला, तर पहिलं काय करशील? भाची म्हणाली, त्या लॉटचा उरलेला माल आधी रोखून ठेवीन, मग डब्याची शिवण तपासीन, त्या दिवसाच्या तापमानाच्या नोंदी काढीन. उत्तर बरोबर होतं आणि ते देताना ती खुलली असणार, कारण मला सांगतानाही खुलली होती. साहजिकच दुसरा मसुदा याच उत्तराचा आला, विस्तारित आवृत्ती. डबा कशाकशाने फुगतो, शिवण कशी मोजतात, आठ सूचना आणि खाली बाण काढलेला एक तक्ता.

हा मसुदा पहिल्यापेक्षा धोक्याचा. पहिल्यात निदान कुणाला काही त्रास नव्हता. ज्या मुद्द्यावर आपण चमकलो तोच मेलमध्ये घ्यावासा वाटतो, पण तो तर गुणांच्या कागदावर केव्हाच चढलेला असतो. तो पुन्हा सांगणं म्हणजे टाळ्या वाजवून झाल्यावर गायकाने तीच तान पुन्हा घेऊन दाखवणं. शिवाय वीस मिनिटंही कारखाना न पाहिलेल्या मुलीने आठ सूचना केल्या, की वाचणाऱ्याच्या मनात नववी सूचना तयार होते आणि ती मुलीविषयी असते.

मी विचारलं, "तुझं उत्तर झाल्यावर ते काय म्हणाले?"

"काही विशेष नाही. म्हणाले, हे सगळं ठीक, पण आमचा वेळ जातो तो दुसरीकडेच."

हे 'काही विशेष नाही'च मला हवं होतं. त्यांचं म्हणणं असं होतं. डब्यावर कोड छापलेला असतो, त्यावरून बॅच कार्ड लगेच सापडतं. कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, किती तापमानाला रस तापवला, सगळं त्यावर असतं. पण तो रस कुठल्या बागायतदाराच्या आंब्यांचा, हे असतं आवक रजिस्टरमध्ये, गेटजवळच्या ऑफिसात. मध्ये आंबा क्रेटमधून पिकवण्याच्या खोलीत जातो, काही दिवस राहतो, मग पल्परवर येतो, आणि या मधल्या टप्प्यावर दोन नोंदींना जोडणारा आकडाच नाही. निर्यातदारांकडे बीआरसीसारखं ऑडिट होतं तेव्हा कुठलाही एक डबा उचलून 'याचा मागोवा चार तासांत लावून दाखवा' असं सांगतात. यांचे तीन तास दोन रजिस्टरं समोरासमोर ठेवून तारखा जुळवण्यात जातात. क्वालिटी हेड हे बोलले ते प्रश्न म्हणून नव्हे. घरचं गाऱ्हाणं पाहुण्यासमोर निघावं, तसं सहज बोलून गेले.

मेलमध्ये घ्यायचा मुद्दा तो हाच. आपण काय बोललो ते नव्हे, समोरचा स्वतःच्या कामाविषयी काय बोलून गेला ते. त्याला गुण नसतात, म्हणून उमेदवार तो सोडून देतात. पण बोलणाऱ्याच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीही तोच असतो, कारण रजिस्टरं अजून तिथेच असतात.

तिसरा मसुदा तिने रात्री केला. मेल इंग्रजीत गेला, पण मजकूर साधारण असा:

'काल क्वालिटी एक्झिक्युटिव्हच्या जागेसाठी आपण तिघांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभार. डब्याचा मागोवा लावताना बॅच कार्ड आणि आवक रजिस्टर यांची सांगड घालण्यातच बहुतेक वेळ जातो, असं आपण म्हणालात. परतताना त्याचा विचार करत होते. पिकवण्याच्या खोलीतून क्रेट पल्परवर येताना त्यावरचा लॉट नंबर बॅच कार्डावरच लिहिला, तर दुसरं रजिस्टर उघडण्याची गरज कमी होईल का, असा प्रश्न पडला. कदाचित आपण हे करूनही पाहिलं असेल. या कामात मला रस आहे. आणखी काही माहिती लागल्यास जरूर कळवावं.'

सात वाक्यं. प्लांट हेड हा मेल मोबाईलवर, एका हाताने हेअरनेट सावरत वाचणार, याहून लांब असेल तर रात्री वाचू म्हणून ठेवणार, आणि ती रात्र हंगाम संपल्यावर उजाडणार. 'कदाचित आपण हे करूनही पाहिलं असेल' हे वाक्य तिला नको होतं. त्याने आपण कच्चे दिसू, असं तिचं म्हणणं. मी ते ठेवायला लावलं. जिथे माणसं वर्षानुवर्षं आंबा पिळत आली आहेत, तिथे एसटीत सुचलेली कल्पना पहिल्यांदाच सुचली असण्याचा संभव कमी, आणि हे आपल्याला कळतं, हे त्यांना कळलेलं बरं.

मग प्रश्न आला, कुणाला पाठवायचा. तिघांना वेगवेगळे मेल पाठवण्याची एक पद्धत आहे आणि ती शोभून दिसते, पण तिन्ही मजकूर खरोखर वेगळे असतील तर. तिघांनाही 'तुमचा मुद्दा मला विशेष भावला' हे एकच वाक्य लिहिलेले मेल पॅनेलने चहाच्या वेळी शेजारी शेजारी ठेवून वाचलेले मी पाहिले आहेत. त्या चहाला फार चव येते. भाचीकडे पत्ता फक्त एचआरच्या बाईंचा होता. बाकीच्यांचे पत्ते आडनावावरून जुळवून पाहण्याचा तिचा बेत मी मोडला. बाईंनाच मेल पाठवून 'कृपया दोन्ही सरांनाही कळवावं' एवढं वर जोडलं. मुद्दा कुणाचा ते कळावं म्हणून आत 'आपण म्हणालात'च्या जागी क्वालिटी हेडांचं आडनाव घातलं. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि तारीख. मेल तयार झाला पावणेएकला, गेला सकाळी नऊला. मध्यरात्रीच्या मेलमधून तळमळ दिसते आणि तळमळ हा काही क्वालिटी विभागाला हवा असलेला गुण नव्हे.

हे सगळं खाजगी नोकरीपुरतं, हेही तिला सांगून ठेवलं. सरकारी भरतीत मुलाखतीनंतर असा मेल कुणाला करू नये. कुठल्याही मार्गाने वशिला लावण्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र, असं जाहिरातीतच छापलेलं असतं, आणि तुमची कृतज्ञता कुणाला त्या कलमात बसलेली दिसेल, सांगता येत नाही. शिवाय खाजगीतही या मेलची ताकद बेताची. गुणांचा कागद आदल्या संध्याकाळीच भरलेला असतो. जिथे दोन नावं बरोबरीत अडकली आहेत, तिथे फार तर एखादं बोट हलतं. ढासळलेला इंटरव्ह्यू मेलने सावरल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दुपारी बाईंचं उत्तर आलं: 'नोटेड, थँक्स.' भाचीचा चेहरा उतरला. मी म्हटलं, हे टपालाचं उत्तर, मेलचं अजून यायचंय. ते आलं दुसऱ्या दिवशी, क्वालिटी हेडांकडून. आभार नाहीत, अभिनंदन नाही, निवडीबद्दल अवाक्षर नाही. एकच प्रश्न: 'पल्परमधून टाकीत एका वेळी तीन लॉटचा रस एकत्र होतो. मग कार्डावर कुठला नंबर लिहिणार?'

"मामा, माझी कल्पना फसली गं बाई!" ती फोनवर जवळजवळ रडकुंडीला आली होती. मामाला 'गं बाई' म्हणण्याइतकी.

"फसली कुठे? तिन्ही नंबर लिही, प्रत्येकासमोर टाकीत सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिही. तक्रार आली तर एका बागायतदाराऐवजी तिघांवर संशय येईल. पण तिसांवर तर नाही येणार!"

तिने ते दोन ओळींत लिहून पाठवलं. त्यावर पुन्हा प्रश्न आला, पाळी बदलताना वेळ कोण लिहिणार? मग तिने त्यावर विचार सुरू केला. संध्याकाळी तिच्या आईने विचारलं, "अगं, पण नोकरीचं काय झालं?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की ते विचारायचं राहूनच गेलं. ते आणखी दोन आठवडे कुणीच सांगणार नव्हतं. पण आभाराचा मेल जमला की नाही, हे कळायला तेवढं थांबावं लागत नाही. उत्तरात तुमचे आभार आले तर तो नुसता पोचला. उत्तरात कामाचा प्रश्न आला, तर तो जमला.