आभाराच्या वीस स्लाइडी

नातेपुत्याला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, त्यामुळे गर्दी सांभाळायची आम्हाला सवय आहे. डाळिंबाच्या कार्यशाळेला मात्र माणसं कमी आणि हार जास्त झाले. न आलेल्यांसाठी इन्स्टाग्रामवर फोटोंची माळ टाकायचं ठरलं आणि पुतणी मोबाइल घेऊन बसली. पूर्वी एका पोस्टमध्ये दहाच फोटो बसत. 2024 पासून वीस बसतात. हे कळताच अध्यक्षांना वीस सत्कारमूर्ती दिसू लागले.

पहिल्या कच्च्या माळेत दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुन्हा शाल असा क्रम होता. औषधाचा विषय उगवला तेराव्या स्लाइडीवर: “1 टक्का बोर्डो: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी.” कृती चौदाव्यावर.

गोम इथंच होती. आमच्याकडं इन्स्टाग्रामवर बघतात आणि व्हॉट्सअॅपवर पाठवतात. पाठवताना अख्खी माळ कोण पाठवतो? कामाची एक स्लाइड उचलतात. नमुना म्हणून पाठवलेली तेरावी रात्रीत धर्मपुरीपर्यंत पोचली. सकाळी फोन आला, “आवं, दोन्ही एकाच टाकीत टाकलं, सगळं फाटून खाली बसलं. पंपाचं नोझल तुंबलंय!”

मग पुतणीनं एकेक स्लाइड स्वतंत्र चिठ्ठी समजून लिहिली. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत 50 लिटर पाण्यात विरघळवायचा. चुना वेगळ्या भांड्यात 50 लिटरमध्ये. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीनं ढवळायची. नंतर स्वच्छ लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला की मोरचूद जास्त आहे. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घालत राहायची. फवारणी त्याच दिवशी. हे सगळं एकाच चित्रात, मोठ्या अक्षरात. बाकीचं सांगायला दुसऱ्या स्लाइडी होत्याच.

क्रमही पालटला. पहिल्या स्लाइडीवर “तेल्या आलाय? आधी विळा बघा.” कृती दुसरीवर. कारण पहिलीवरून पुढं न सरकणाऱ्याला इन्स्टाग्राम कधीकधी पुन्हा तीच पोस्ट दुसऱ्या स्लाइडीपासून दाखवतं. तिथं खजिनदारांचा फेटा दिसून कुणाच्या बागेचं भलं होणार?

आभाराचं काय, हा प्रश्न उरला. वक्त्याचं नाव त्यानं सांगितलेल्या वाक्याखालीच टाकलं. साहेबांना शालीपेक्षा ते बरं वाटलं असावं, कारण त्यांनी ती स्लाइड स्वतःच्या स्टेटसला ठेवली. शालीचा फोटो ठेवलेला आम्ही तरी पाहिला नाही.

अध्यक्ष रुसले. वीसपैकी सातच स्लाइडी झाल्या आणि त्यांत ते कुठंच नव्हते. दोन दिवसांनी त्यांनी विळ्याचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि पुतणीला फोन लावला, “पोरी, बादली धरलेला तो हात माझाय. अंगठी बघ. खाली तेवढं लिही.”