सहातासे

प्रत्येक सोसायटीत एक सहातासे असतो. आडनाव सातपुते, दसपुत्रे यांच्या पंगतीतलं वाटलं तरी ते जन्माने मिळत नाही. मूल दिवसभराच्या शाळेत जायला लागलं आणि बायकोने डब्याचं खातं नवऱ्याकडे सोपवलं, की ते आपोआप चिकटतं. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले सहातासे तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या मुलीचा डबा सकाळी सव्वासहाला भरतात, सातला बस येते आणि शाळेची मोठी सुट्टी होते सव्वाबाराला. मधले सहा तास डबा दप्तरात आणि दप्तर बाकाखाली. वर्गात पंखा आहे, फ्रिज नाही. या सहा तासांनी त्या गृहस्थाची झोप उडवली आहे.

शनिवारी संध्याकाळी ते आठवड्याची यादी घेऊन वाण्याकडे जातात. त्या वेळी त्यांच्या मागे रांगेत उभं राहू नये. राजगिऱ्याच्या लाडवांचं पाकीट ते उजेडात धरतात, उलटंसुलटं करतात आणि विचारतात, "शेठ, हे सहा तास टिकेल का?"

"साहेब, माझ्या दुकानात चार महिने टिकलंय," शेठ म्हणतो.

मग चार महिन्यांचं ऐकून ते पाकीट खाली ठेवलं जातं आणि मागच्या रांगेतलं ताज्या तारखेचं शोधलं जातं. मागे आम्ही एक काडेपेटी घेऊन ताटकळत.

त्यांच्या यादीला तीन रकाने आहेत: 'चालेल', 'नाही' आणि 'बघू'. पहिल्या महिन्यात सगळं सामान 'बघू'मध्येच होतं, कारण कोणता पदार्थ टिकतो हे ते घड्याळाकडे बघून ठरवत. पुढे त्यांना उमगलं की घड्याळापेक्षा पाण्याकडे बघावं. पदार्थात मोकळं पाणी जितकं जास्त, तितकी जंतूंची चंगळ. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चिक्की यांत पाणी जवळजवळ नसतंच. खजुरात ओलावा असतो, पण साखर त्याला धरून ठेवते, जंतूंच्या वाट्याला येऊ देत नाही. लोणच्यात तेच काम मीठ करतं. याउलट पनीर म्हणजे ओलं, मऊ आणि आंबटपणा जवळपास नसलेलं. ते तडक 'नाही'त गेलं. मेयोनीजचं सँडविच त्याच्या मागोमाग. ओलं खोबरं गेलं आणि त्याच्या जागी सुक्या खोबऱ्याची वाटी, तीळ आणि दाण्याचं कूट आलं. भाज्यांत पालकाची पातळ भाजी कटली. बटाट्याच्या काचऱ्या, परतलेली तोंडली आणि लिंबू पिळलेली भेंडी राहिली. काकडी हवी असेल तर अख्खी. चकत्या करून वर मीठ भुरभुरलं की मीठ तिच्यातलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि मधल्या सुट्टीपर्यंत डब्यात तळं साचतं, हे त्यांनी मला जिन्यात, माझ्याच पिशवीतली काकडी हातात घेऊन समजावलं.

अमेरिकेच्या शेती खात्याचा एक नियम त्यांना कुठेतरी सापडला होता: नाशवंत अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवा. तो वाचून त्यांनी एक दिवस डबाच दिला नाही, नुसतं सीलबंद बिस्किटांचं पाकीट दिलं. त्या रात्री तिसऱ्या मजल्यावरून जे आवाज आले, त्यांवरून घरातल्या बायकांना तो नियम मान्य नसावा. खरं तर भांडणाचं कारणच नव्हतं. तो नियम मांस, दूध, अंडी, शिजवलेला भात अशा ओल्या ऐवजांसाठी आहे. नीट भाजलेली पोळी आणि सुकी चटणी त्याच्या कचाट्यात येत नाहीत.

भात मात्र येतो, आणि त्याबाबतीत सहातासे म्हणतात ते सोळा आणे खरं आहे. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट होऊन तासन्‌तास पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्यात भरणं त्यांनी बंद केलं. कढीपत्त्याने वास झाकला जातो, विष जात नाही.

यावर उपाय म्हणून त्यांनी दुहेरी भिंतीचा, गरम राहणारा स्टीलचा डबा आणला. सकाळी गरम पुलाव भरला, बस निघून गेली. पुढच्या रविवारी त्यांनी घरीच प्रयोग मांडला. तसाच पुलाव तितकाच भरला आणि सव्वाबाराला त्यात तापमापक खुपसला. आकडा आला 41. ते जिना उतरून मला सांगायला आले. अन्न 60 अंशांच्या वर गरम राहिलं तर सुरक्षित, 5 अंशांच्या खाली गार राहिलं तरी सुरक्षित. 41 म्हणजे त्यांनी साडेचारशे रुपये मोजून जंतूंसाठी पाळणाघर विकत घेतलं होतं. दोष डब्याचा कमी, भरण्याचा जास्त होता. असा डबा आधी उकळतं पाणी घालून, झाकण लावून दहा मिनिटं तापवावा लागतो. मग पाणी ओतून त्यात वाफाळतं अन्न काठोकाठ भरायचं. अर्ध्या रिकाम्या डब्यातली हवाच ऊब खाऊन टाकते. सहा वर्षांच्या पोरीची भूक वाटीभर आणि डबा अर्ध्या लिटरचा, तेव्हा काठोकाठ भरणार कसा? डबा आता त्यांच्या ऑफिसात जातो.

पोळीचं उलटं. ती गरम भरली की बिघडते. वाफ झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि थेंबाथेंबाने पोळीवरच परततं. दुपारी उघडावं तर वरची पोळी घामेजलेली, खालची चिकट, आणि पावसाळ्यात त्यावर एक आंबूस वास. सहातासे आता पोळ्या जाळीवर पसरून पूर्ण निवू देतात आणि मगच सुती फडक्यात गुंडाळतात. सकाळी सहा वाजता स्वयंपाकघरात टॉवेल खांद्यावर टाकून, पोळी पालथ्या हाताने चाचपत उभा असलेला पुरुष बघायचा असेल तर आमच्याकडे या. लोणचं ते चांदीच्या कागदात बांधत नाहीत, कारण आंबटखारट रसाने त्याला भोकं पडतात. त्यासाठी स्टीलची छोटी डबी, घट्ट फिरकीची, यादीत दोनदा अधोरेखित. दोनदा अशासाठी की पहिली शाळेत हरवली.

या सगळ्यात त्यांची आई गप्प बसून बघत होती. ती सोलापूरकडची. एके दिवशी म्हणाली, "अरे, दशमी दे की."

"आई, दशमी दुधात भिजवतात. दूध सहा तास टिकतं का?"

"भाजल्यावर दूध कुठं उरतंय?"

या एका प्रश्नाने तीन रकान्यांची यादी डळमळली. म्हातारीचं बरोबर होतं. पाण्याऐवजी दुधात मळलेली ज्वारीची दशमी तव्यावर नीट भाजली की बराचसा ओलावा निघून जातो, तरी भाकरीसारखी ती दोनचार तासांत वाळून खडखडीत होत नाही. गाडीच्या प्रवासाला दशम्या बांधून नेणाऱ्यांनी हा हिशेब केव्हाच करून ठेवला होता. गूळ घालून केली तर पोरं कुरकुर न करता खातात. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. यादीत ज्वारीचं पीठ एक किलो चढलं.

आईचा दुसरा सल्ला दहीभाताचा. सकाळचाच ताजा भात निववून, कोमट दुधात सैलसर कालवायचा आणि वर चमचाभर दही घालून डबा बंद करायचा. शाळेत पोचून सुट्टी होईपर्यंत विरजण लागतं आणि आंबटपणा वाढला की वाईट जंतूंचा जोर ओसरतो. दही मात्र ताजं, जिवंत हवं. सहातास्यांनी हे सगळं चोख केलं आणि वर स्वतःची एक सुधारणा जोडली. रात्री पाण्याची छोटी बाटली तीन चतुर्थांश भरून बर्फ करून ठेवायची आणि सकाळी डब्याला खेटून ठेवायची. तीन चतुर्थांश, कारण बर्फ फुगतो. फळांसाठी किंवा चीजसाठी ही युक्ती उत्तम आहे. पण विरजणाला ऊब लागते. बर्फाशेजारी त्याने संप केला आणि दुपारी डबा दूधभात होऊन परत आला, न खाल्लेला, वरती दह्याचा चमचाभर गोळा तसाच.

या डब्याने मला विचारात पाडलं. इतर दिवशी डबे लख्ख रिकामे येत. सहातासे ते नाकाशी धरत, झाकणाच्या आतून बोट फिरवत, चिकट लागतं का, तार सुटते का ते बघत. काहीच नसे. आपली यादी जिंकली असं ते मानत. पण मग दहीभातच का परत यावा? विरजण न लागल्याने, असं त्यांचं उत्तर होतं.

खरं उत्तर बसमधल्या मावशींनी दिलं. पालकसभेच्या दिवशी फाटकाशी भेटल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "तुमची पोर फार गुणी हो. बस सुटली की गुळाची दशमी काढते, शेजारणीला अर्धी देते. पुलापर्यंत डबा रिकामा. दहीभाताला चमचा लागतो, बस हलते, म्हणून तेवढा राहिला बिचारीचा."

म्हणजे सहा तासांच्या तयारीने भरलेला डबा बसमध्ये जेमतेम वीस मिनिटं जगत होता, आणि सव्वाबाराला ती कन्या मैत्रिणींच्या डब्यांवर ताव मारत होती. त्या मैत्रिणींच्या डब्यांत काय असतं, कोणी कसं भरलेलं, पोळी निववली होती का, पनीर होतं का, यावर सहातास्यांचं काहीच नियंत्रण नव्हतं. हे लक्षात आल्यावर ते घरी आले आणि थेट यादी घेऊन बसले. चौथा रकाना आखला, वर लिहिलं 'मैत्रिणी', आणि बायकोला विचारलं, "अगं, तिच्या वर्गातल्या त्या चौघींच्या आयांचे नंबर आहेत का तुझ्याकडे?"

"अहो, आधी सकाळी तिला घरी काहीतरी खाऊ घालून पाठवा," वहिनी म्हणाल्या आणि त्यांच्या हातातलं पेन काढून घेऊन 'चालेल'च्या खाली लिहिलं: वेलची केळी, अर्धा डझन, रोज ताजी.