पेन्सिलीच्या रेघेचे दोन भाव

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या स्टॉलवर इंजिनिअरिंगचं पुस्तक विकायला न्या. दुकानदार विषय नंतर बघतो, आधी विचारतो, "पॅटर्न कुठला?" पुणे विद्यापीठाचा २०१९चा पॅटर्न जाऊन २०२४चा आला, तरी थर्मोडायनॅमिक्सचे नियम आहेत तिथेच आहेत. पण युनिट इकडचं तिकडे झालं, की पुस्तक थेट रद्दीच्या काट्यावर.

पॅटर्न चालू असला, तर अंगझडती सुरू होते. समजा छापील किंमत ४०० रुपये. पाव किमतीने म्हणजे १००पासून बोलणी. बाइंडिंग सैल, २० कमी. आत शाईने नाव, १० कमी. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा, "पार खराब केलंय हो," आणखी १० कमी. तुमच्या हातावर ६० रुपये.

पुढच्या सेमिस्टरला तेच पुस्तक पाठीला डिंक आणि नावावर व्हाइटनर लावून २४०ला उभं राहतं. गिऱ्हाईक रेघांकडे बघून नाक मुरडतं, तेव्हा दुकानदार म्हणतो, "टॉपरचं आहे. महत्त्वाचं सगळं मार्क केलेलं!"

त्याला नफेखोर म्हणायची घाई नको. पॅटर्न बदलला, की न खपलेला गठ्ठा त्याच्याच गळ्यात पडतो. अभ्यासक्रम मंडळ बदल करून मोकळं होतं, दुकानदार धोका पत्करतो, आणि त्या धोक्याचा विमा मात्र विद्यार्थी भरतात. तोही दोनदा: विकताना आणि घेताना.